बादलीच्या आंघोळीतून खवल्यांची निगा: इक्थिओसिस व्हल्गॅरिस असलेल्यांसाठी मार्गदर्शक

इक्थिओसिस व्हल्गॅरिस हा जन्मभराचा, पण बहुतेकांच्या बाबतीत सौम्य असा त्वचाविकार ओळखण्याची सर्वांत सोपी जागा म्हणजे पायाची नडगी. तिथे पांढुरक्या किंवा करड्या रंगाच्या बारीक खवल्यांची जाळी दिसते. प्रत्येक खवला मधोमध त्वचेला चिकटलेला असतो आणि त्याच्या कडा किंचित उचललेल्या असतात. आता त्याच व्यक्तीच्या कोपराची आतली बाजू आणि गुडघ्यामागची लवण पाहावी. नडगी कितीही खरखरीत असली, तरी या खोबणी बहुधा मऊ आणि स्वच्छ असतात. तळहात उजेडात धरून पाहिले, तर त्यांवरील रेषा नेहमीपेक्षा ठळक, खोल आणि संख्येने अधिक दिसतात. दंडांच्या मागच्या बाजूला आणि मांड्यांवर केसांच्या मुळाशी टोचणारे बारीक पुटकुळे असणे हीदेखील या विकाराची नेहमीची सोबत आहे. मूल जन्मते तेव्हा त्वचा साधारण ठीकच असते. कोरडेपणा पुढच्या काही महिन्यांत, बहुधा पहिल्या वर्षाच्या आतच, हळूहळू दिसू लागतो.

आधी निदान पक्के करावे

खवले दिसले म्हणजे हाच विकार, असे गृहीत धरू नये. बाळ जन्मतःच चकचकीत, ताणलेल्या पापुद्र्यात गुंडाळल्यासारखे असेल, किंवा जन्मापासून अंगावर फोड येत असतील, तर तो इक्थिओसिसचा वेगळा आणि अधिक गंभीर प्रकार असू शकतो. मुलगा असेल, खवले मोठे व तपकिरी असतील आणि मानेच्या बाजूही मळकट दिसत असतील, तर लिंगसूत्राशी जोडलेल्या प्रकाराचा विचार डॉक्टर करतात. त्या प्रकारात मुलाचे वृषण खाली उतरले आहेत की नाही हेही तपासावे लागते. तिसरी शक्यता प्रौढांची. ज्याची त्वचा तिशी-चाळिशीपर्यंत चांगली होती आणि नंतर अचानक खवलेदार झाली, त्याने मलम शोधण्यापूर्वी तपासणी करून घ्यावी. थायरॉइडची कमतरता, कुपोषण, एचआयव्ही, लसिकाग्रंथींचा कर्करोग आणि काही औषधे यांमुळेही अशी त्वचा होते. कुष्ठरोगाच्या बहुऔषधोपचारातील क्लोफाझिमिन हे त्यांपैकी एक औषध आहे. ते घेणाऱ्याची त्वचा काळपट, कोरडी आणि नडगीवर खवलेदार होते. मात्र तेवढ्यासाठी उपचार स्वतःहून थांबवू नयेत.

ठरावीक जागा, बाल्यातील सुरुवात आणि घरातील आणखी एखाद्याची तशीच त्वचा, इतके जुळले तर त्वचारोगतज्ज्ञ बहुतेक वेळा नुसते पाहूनच निदान करतात. जनुकीय चाचणीची गरज क्वचितच पडते.

त्वचेत नेमके काय कमी पडते

डंडी विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने 2006 साली या विकाराचे कारण निश्चित झाले. फिलाग्रिन नावाचे प्रथिन बनवणाऱ्या जनुकात बिघाड असतो. हे प्रथिन दोन कामे करते. त्वचेच्या वरच्या थरातील पेशींना चपटे करून घट्ट बसवणे हे पहिले काम. नंतर स्वतः तुटून पाणी धरून ठेवणारे छोटे घटक तयार करणे हे दुसरे. ते अपुरे पडले की वरचा थर पाणी गमावतो, मृत पेशी एकेक करून सुटण्याऐवजी थप्पीने चिकटून राहतात आणि त्यांचेच खवले होतात. म्हणजे रोजच्या निगेला तीनच गोष्टी करायच्या असतात: थराला पाणी देणे, सैल झालेले खवले हळुवार काढणे आणि दिलेले पाणी आत कोंडून ठेवणे. पुढची प्रत्येक पायरी या तिघांपैकी एकीसाठी आहे.

जनुकाची एक प्रत बिघडलेली असेल तर विकार सौम्य राहतो, कित्येकांना तर आपली त्वचा ‘जरा कोरडी’ आहे एवढेच वाटते. दोन्ही प्रती बिघडल्या तर तो ठळक होतो. आईवडील दोघांकडे एकेक बिघडलेली प्रत असेल, तर प्रत्येक अपत्याला दोन्ही मिळण्याची शक्यता चारांत एक असते, आणि नात्यातल्या लग्नांमध्ये असे जुळून येण्याचा संभव वाढतो. मुलाला खवले असतील तेव्हा आईवडिलांनी स्वतःचे तळहात आणि नडग्या एकदा निरखाव्यात. अनेकदा उत्तर तिथेच सापडते.

पायरी पहिली: त्वचा भिजवणे

पुस्तकांतील सल्ला टबमध्ये दहा-पंधरा मिनिटे बसण्याचा असतो, आणि आपल्याकडे बहुतेक घरांत बादली व तांब्या असतो. अंगावरून पाणी ओतले की ते क्षणात वाहून जाते. खवल्याला मऊ व्हायला जो वेळ लागतो तो त्याला मिळतच नाही. यावर सोपा उपाय आहे. जुन्या सुती धोतराचे किंवा पंचाचे दोन लांब तुकडे कोमट पाण्यात भिजवून, न पिळता, दोन्ही नडग्यांभोवती गुडघ्यापासून घोट्यापर्यंत गुंडाळावेत. मुलाला स्टुलावर बसवावे आणि दर दोन मिनिटांनी त्यावर तांब्याभर कोमट पाणी सोडावे. दहा मिनिटे पुरतात. हातांनाही तसेच करता येते, पण बहुतेकांना ती गरज फक्त पायांना असते. कापड सोडल्यावर नडगी पांढुरकी आणि फुगीर दिसते. बोटाने हलके चोळले असता खवल्यांच्या कडा गोळा होऊन सुटू लागल्या, तर भिजणे पुरेसे झाले असे समजावे.

पाणी कोमट हवे, म्हणजे मोठ्या माणसाने कोपर बुडवल्यावर ना गरम वाटावे ना गार. हिवाळ्यात कढत पाण्याची आंघोळ सुखाची वाटते, पण ती त्वचेतील उरलीसुरली स्निग्धता धुऊन नेते आणि तासाभरात त्वचा आधीपेक्षा अधिक ओढल्यासारखी होते.

साबण फक्त काखा, जांघा आणि पावले इथेच लावावा, आणि तोही सौम्य. हात, पाय आणि पोट यांना रोज साबणाची गरज नसते. मळ असेल तर साबणविरहित क्लीन्झर वापरावा. डाळीचे पीठ किंवा उटणे लावण्याची पद्धत अनेक घरांत जुनी आहे, पण भरड पिठाने या त्वचेवर बारीक ओरखडे उठतात. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला तेल जरूर लावावे, उटणे मात्र नडगीवर चोळू नये.

पायरी दुसरी: खवले काढणे

भिजलेल्या नडगीवर मऊ ओले कापड किंवा साधा सुती पंचा वरून खाली, केसांच्या दिशेने, हलक्या हाताने फिरवावा. जे सुटेल तेवढेच जाऊ द्यावे. वजरी, प्युमिक दगड किंवा तारेची घासणी नडगीवर कधीही वापरू नये. टाचेच्या जाड कातडीवर आठवड्यातून एकदा वजरी हलकेच फिरवायला हरकत नाही. सगळे खवले एका दिवसात निघाले पाहिजेत, हा हट्ट पहिल्या आठवड्यात हमखास होतो. त्यातून त्वचा लाल होते, मग मलम झोंबते, मग मूल मलमाला नकार देते आणि सगळा क्रम मोडतो.

पायरी तिसरी: पाणी कोंडणे

अंग पूर्ण कोरडे न करता टिपून घ्यावे आणि तीन मिनिटांच्या आत, त्वचा ओलसर असतानाच, स्निग्ध मलम लावावे. घरांमध्ये बहुतेकदा याच्या उलट क्रम चालतो. आंघोळीआधी खोबरेल तेलाची मालिश होते, मग साबणाने ते तेल धुतले जाते आणि नंतर त्वचेवर काहीच लावले जात नाही. तेच तेल आंघोळीनंतर ओलसर अंगावर लावले, तर सौम्य कोरडेपणाला त्याचा चांगला उपयोग होतो. मोहरीचे तेल मात्र टाळावे. ते त्वचेला त्रासदायक ठरते.

काय लावावे, यापेक्षा किती लावावे, इथे जास्त चुकते. एक उदाहरण मांडून पाहू. नाशिकला डिसेंबरमध्ये राहणारी सात वर्षांची मुलगी आहे, असे धरा. प्रमाणासाठी मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली मलमाची रेघ हे माप वापरतात. ती साधारण अर्धा ग्रॅम भरते. या वयाच्या मुलाला एका पायाला पावलासह साडेचार रेघा, एका हाताला अडीच, छाती-पोटाला साडेतीन, पाठ व नितंबांना पाच आणि चेहरा-मानेला दोन रेघा लागतात. सर्व मिळून साडेचोवीस रेघा, म्हणजे एका वेळेला सुमारे 12 ग्रॅम झाले. सकाळी आणि रात्री लावल्यास दिवसाला 24 ग्रॅमच्या आसपास, आठवड्याला साधारण 170 ग्रॅम. औषधाच्या दुकानातली 30 ग्रॅमची ट्यूब दीड दिवसही पुरत नाही. ‘महिनाभर क्रीम लावले, फरक नाही’ असे सांगणाऱ्या घरात त्या महिन्यात किती ट्यूब संपल्या, हा माझा पहिला प्रश्न असतो, आणि उत्तर बहुधा एक किंवा दोन असेच मिळते. प्रौढाला आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम लागणे अगदी स्वाभाविक आहे.

इतक्या प्रमाणात महागडे क्रीम परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही. पांढरी पेट्रोलियम जेली अर्ध्या किलोच्या डब्यात घ्यावी. व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आणि लिक्विड पॅराफिन असलेले साधे, सुगंधविरहित क्रीम दिवसा वापरावे आणि नडगीवर रात्री जेली लावावी. पाणी धरून ठेवण्यासाठी ग्लिसरीन हा स्वस्त आणि उत्तम घटक आहे. एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग उकळून थंड केलेले पाणी एकत्र करून ओलसर त्वचेवर लावावे आणि त्यावर जेलीचा पातळ थर द्यावा. हे मिश्रण दोन-तीन दिवसांपुरतेच करावे, कारण पाणी मिसळलेले द्रव घरात ठेवले की त्यात जंतू वाढतात. डब्यातून मलम स्वच्छ चमच्याने काढावे, ओल्या बोटांनी नाही.

मलम वरून खाली ओढत लावावे. गोल गोल चोळले की ते केसांच्या मुळांत भरते आणि तिथे पुळ्या येतात. मुंबई, कोकण किंवा गोव्यात पावसाळ्यात जाड जेलीखाली घामोळे होते, म्हणून तिथे त्या महिन्यांत हलके लोशन पुरेसे ठरते. मुळात दमट हवेत अनेकांची त्वचा आपोआप सुधारते आणि थंड, कोरड्या हवेत पुन्हा बिघडते. त्यामुळे एकच क्रम वर्षभर न चालवता तो हवेप्रमाणे बदलावा. वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्याला मात्र बाहेर पाऊस असला, तरी आत हिवाळाच असतो.

खवले विरघळवणारी मलमे: कधी आणि कशी

दोन ते तीन आठवडे वरील क्रम प्रामाणिकपणे पाळूनही नडगीवरचे खवले जाड राहिले, तरच पुढची पायरी घ्यावी. युरिया असलेले क्रीम ही सर्वसाधारण पहिली निवड असते. सुमारे 10 टक्के युरिया पाणी धरतो आणि खवले सैलही करतो. प्रौढांच्या पायांसाठी 20 टक्क्यांपर्यंतचे आणि टाचांसाठी 25 ते 40 टक्क्यांचे मलम मिळते. दुसरा पर्याय म्हणजे लॅक्टिक आम्ल किंवा अमोनियम लॅक्टेट, साधारण 12 टक्क्यांपर्यंत. दोन्ही भेगांवर झोंबतात. म्हणून ती चेहऱ्यावर, ओरखडलेल्या जागी आणि लाल झालेल्या खोबणींत लावू नयेत. लहान मुलांसाठी ती डॉक्टरांना विचारूनच सुरू करावीत आणि तान्ह्या बाळांना अंगभर लावू नयेत.

सॅलिसिलिक आम्ल खवल्यांवर प्रभावी आहे, पण त्याचा एक खरा धोका आहे. ते त्वचेतून रक्तात जाते. मोठ्या भागावर, विशेषतः लहान मुलांत, लावल्यास मळमळ, कानात आवाज येणे, वेगाने श्वास लागणे अशी विषबाधेची लक्षणे दिसू शकतात. म्हणून दोन वर्षांखालील मुलांना ते लावूच नये, आणि मोठ्यांनीही ते टाचेसारख्या छोट्या जागेपुरते ठेवावे.

नवे मलम उपयोगी आहे की नाही, हे ठरवायला दोन्ही नडग्या हाताशी असतात. दोन आठवडे डाव्या नडगीवर रात्री युरियाचे मलम आणि उजवीवर साधी जेली लावावी, आंघोळ आणि वेळ अगदी सारखी ठेवावी आणि सुरुवातीला व शेवटी एकाच उजेडात फोटो काढावा. फरक दिसला तर ते मलम घ्यावे, नाही तर स्वस्त जेलीवरच राहावे. जाहिरातीपेक्षा हा पुरावा अधिक भरवशाचा असतो.

काय बिघडते आणि कसे ओळखावे

कोपराच्या किंवा गुडघ्याच्या खोबणी, ज्या या विकारात स्वच्छ असायला हव्यात, त्याच लाल होऊन खाजू लागल्या, तर तो सोबतचा इसब आहे. फिलाग्रिनच्या कमतरतेमुळे इसब, आणि त्याच्या जोडीने दमा व सर्दीची ॲलर्जी, यांचे प्रमाण अशा मुलांत जास्त असते. इसबाला वेगळे उपचार लागतात आणि तो आटोक्यात येईपर्यंत युरिया थांबवावा. पिवळसर खपल्या, ओल किंवा दुखणारी सूज दिसली, तर जंतुसंसर्गाचा संशय घ्यावा. कडा लालसर आणि मधला भाग मोकळा असे कडे पसरत असेल, तर तो गजकर्णासारखा बुरशीचा संसर्ग असतो. अशा वेळी दुकानातून ‘खाजेचे क्रीम’ म्हणून मिळणारी, स्टिरॉइड मिसळलेली मलमे लावण्याची चूक फार होते. त्यांनी खाज तात्पुरती शमते, पण बुरशी फोफावते आणि त्वचा पातळ होते. खवल्यांवर तर स्टिरॉइडचा काही उपयोगच नाही.

विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. काहींना पुरेसा घाम येत नाही आणि अंग लवकर तापते. दुपारच्या खेळात मूल लाल होऊन गळून जात असेल, तर त्याला सावलीत आणून अंगावर ओले कापड ठेवावे आणि अशा वेळी जेलीचा जाड थर देऊ नये.

मलम लावलेल्या कपड्यांचा धोका बहुतेकांना माहीत नसतो. पॅराफिनने भिजलेले कापड आग लागल्यास झपाट्याने पेटते, आणि नुसत्या धुण्याने तो थर पूर्ण जातोच असे नाही. रात्रीची जेली लावलेला पायजमा घालून गॅसजवळ, देवघरातील निरांजनाजवळ किंवा दिवाळीत फुलबाज्यांजवळ जाऊ नये. न्हाणीघराच्या फरशीवरही मलम सांडू देऊ नये. ते बाहेर चटईवर बसून लावावे, नाही तर पाय घसरतो.

प्रत्यक्षात किती सुधारते

क्रम नीट पाळला, तर पहिल्या आठवड्यातच ओढ आणि खाज कमी होते. नडगीवरचे खवले दोन ते चार आठवड्यांत बऱ्यापैकी जातात आणि त्वचा स्पर्शाला मऊ लागते. मात्र थांबवल्यावर काही दिवसांत ते पुन्हा दिसू लागतात. औषध फसले असा त्याचा अर्थ नसतो. प्रथिनाची कमतरता जागच्या जागी असते आणि मलम ती बाहेरून भरून काढत असते, इतकेच. तळहातांच्या रेषा मलमाने बदलत नाहीत. दंडांवरचे पुटकुळे मऊ होतात, पण पूर्ण जात नाहीत. वय वाढेल तसा अनेकांचा विकार सौम्य होतो.

रक्तशुद्धीची औषधे, पथ्ये आणि आहारबदल यांनी जनुक बदलत नाही. कोरडेपणाला ‘जास्त पाणी प्या’ हा सल्लाही अपुरा आहे, कारण अडचण आतल्या पाण्याची नसून ते वरच्या थरातून निसटण्याची आहे. आहारातील एक गोष्ट मात्र तपासण्यासारखी आहे. इक्थिओसिस असलेल्यांमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळते, म्हणून ती चाचणी करून घ्यावी आणि कमी असल्यास डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत घ्यावे. ॲसिट्रेटिनसारख्या पोटात घ्यायच्या गोळ्या इक्थिओसिसच्या तीव्र प्रकारांसाठी असतात आणि या सौम्य प्रकारात त्यांची गरज सहसा पडत नाही. गर्भाला त्यांचा गंभीर अपाय होतो आणि त्या बंद केल्यावरही तीन वर्षे गर्भधारणा टाळावी लागते, त्यामुळे कोणी सहज लिहून दिल्यास कारण विचारावे.

शाळेसाठी एक छोटे पत्र डॉक्टरांकडून घेऊन ठेवावे. हा विकार संसर्गजन्य नाही, मुलाला पोहण्याची आणि खेळण्याची मुभा आहे, पोहण्याआधी जेलीचा पातळ थर आणि नंतर लगेच गोड्या पाण्याची आंघोळ व मलम लागेल, आणि दप्तरातील क्रीमची छोटी डबी वर्गात वापरू द्यावी, एवढे त्यात पुरते. त्याची एक प्रत वर्गशिक्षकांकडे आणि एक खेळाच्या शिक्षकांकडे द्यावी, कारण उन्हातल्या कवायतीचा निर्णय बहुधा दुसऱ्याच्या हाती असतो.